डाळ घरात कितीला पडली?

पापड करणाऱ्या एका गटाचा हिशोब पाहू. गटानं ५० किलो उडीद डाळ आणली १२० रुपये किलोनं आणि १० किलो जिरं ३०० रुपये किलोनं. बिल झालं ९,००० रुपये. टेम्पोचं भाडं ४८० आणि माल उतरवायची हमाली १२०, असे ६०० रुपये वेगळे गेले. दुकानदाराच्या बिलात ते नाहीत, म्हणून मालाच्या वहीत लिहायचे राहून जातात.

हे ६०० वाटायचे कसे? भाडं आणि हमाली दोन्ही वजनावर ठरली होती, म्हणून वाटणीही वजनावर. एकूण ६० किलो, म्हणजे किलोमागे १० रुपये. डाळ पडली १३० ला, जिरं ३१० ला. आता ताळा करा. डाळीचे ६,५०० आणि जिऱ्याचे ३,१०० मिळून ९,६००. जेवढे दिले तेवढेच आले.

किमतीच्या प्रमाणात वाटले असते, तर जिऱ्यावर किलोला २० रुपये चढले असते आणि डाळीवर फक्त ८. टेम्पो तर डाळीनंच भरला होता!

महिनाअखेरीस २० किलो डाळ उरली, तर शिल्लक मालात २,६०० लिहा, २,४०० नव्हे. पापडाचा भाव काढतानाही १३० च धरा. मात्र तेच ६०० खर्चाच्या पानावर पुन्हा लिहू नका, नाहीतर दोनदा वजा होतील. आणि तयार पापड बाजारात नेण्याचं भाडं यात मिळवू नका. तो विक्रीचा खर्च, त्याचं पान वेगळं.