खोलीभाडे कोणत्या टोपलीत?



  परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभरातील लेखनाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आढावा लिहून स्मरणिकेकडे दिला आहे, तिथे वाचावा. यंदाची परिषद पालघरला भरते आहे आणि माझे उभे आयुष्य तारापूर औद्योगिक वसाहतीत वेतनकरारांचे हिशेब मांडण्यात गेले. म्हणून हाताशी असलेल्या वेळात एकच तक्रार मांडतो, जी मी फार वर्षे मनात ठेवली आहे.

सकाळच्या सत्रात वाद झाला की महागाई कोणत्या निर्देशांकाने मोजावी. घाऊक किंमत निर्देशांकाच्या बाजूने काही बोलले, ग्राहक निर्देशांकाच्या बाजूने काही, आणि तरुण मित्रांचा कल कोअर महागाईकडे, म्हणजे अन्न व इंधन वगळून उरणाऱ्या आकड्याकडे होता. माझा निकाल सांगतो. तुम्ही कुणाच्या खिशाबद्दल बोलता आहात हे आधी सांगा, मग निर्देशांक ठरवू.

घाऊक निर्देशांकाचे दोन दिवस मी स्वतः पाहिले. 2015 मध्ये हा निर्देशांक वर्षभर शून्याखाली होता. त्या वर्षी एका कारखान्यात करार चालू असताना व्यवस्थापनाने तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हटले, महागाईच नाही तर वाढ कसली मागता? पुढे 2021-22 मध्ये घाऊक महागाईची सरासरी 13 टक्क्यांवर गेली, तेव्हा किरकोळ महागाई साडेपाच टक्के होती. त्याच टेबलावर तोच निर्देशांक पुन्हा आला आणि सांगण्यात आले की कच्चा माल एवढा महागला, आता वाढ द्यायची कुठून? दोन्ही वेळा आकडा खरा होता. घाऊक टोपलीत 2011-12 च्या पायावर 697 वस्तू आहेत आणि जवळजवळ दोनतृतीयांश भार कारखान्यात बनलेल्या मालाचा आहे. तिच्यात भाडे नाही, शाळेची फी नाही, डॉक्टर नाही, शेअर रिक्षा नाही. अप्रत्यक्ष करही तिच्यात धरलेले नाहीत. रसायनाचे पिंप किती रुपयांना पडले हे ती चांगले सांगते आणि पुरवठ्याच्या करारात तिला जागा आहे. मजुरीच्या करारात तिला आणू नये.

कोअरबद्दल माझे मत आणखी कडक आहे. 2023-24 च्या आर्थिक पाहणीने सुचवले की महागाईचे लक्ष्य अन्न वगळून ठरवण्याचा विचार व्हावा. रिझर्व्ह बँकेला व्याजदर ठरवताना टोमॅटोकडे दुर्लक्ष करावेसे वाटते, हे मी समजू शकतो, कारण व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही. पण जुलै 2023 आठवा. किरकोळ महागाई 7.44 टक्के होती, अन्नाची 11 टक्क्यांच्या वर, आणि कोअर पाचच्या आत. त्या दिवसांत मी एका बैठकीत बसलो होतो. कँटीनच्या कंत्राटदाराने भाज्या महागल्या म्हणून थाळीचा दर वाढवून मागितला आणि तो तासाभरात मंजूर झाला. पुढचा विषय कंत्राटी कामगारांच्या वाढीचा होता. तेव्हा उत्तर आले की ही तात्पुरती वाढ आहे, कोअर शांत आहे. तीच भाजी कामगाराच्या घरी शिजते तेव्हा तात्पुरती कशी होते, याचे उत्तर मला तिथे कुणी दिले नाही. शिवाय 2012 च्या मालिकेतल्या कोअरमध्ये इंधन नव्हते हेही पुरते खरे नाही. पेट्रोल वाहतुकीच्या गटात बसे, त्यामुळे ‘इंधन व प्रकाश’ वगळले तरी ते आतच राही. सोनेही आतच असे. बाहेर जात ती डाळ, भाजी, मासळी आणि गॅसचे सिलिंडर.

आता माझी मूळ तक्रार. ती ग्राहक निर्देशांकाबद्दल आहे, आणि मी त्याच निर्देशांकाच्या बाजूचा आहे म्हणून ती जास्त सलते.

औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाबाहेरच्या गावांत चाळी उभ्या राहिल्या आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली आणि आपल्याच जव्हार-विक्रमगडकडची मुले एका खोलीत चार-पाच जण राहतात. भाडे रोख असते, पावती नसते, करार नसतो. जनगणनेत गाव म्हणून नोंदलेल्या भागातल्या अशा खोल्यांचे भाडे 2012 पायाच्या निर्देशांकात किती धरले होते? शून्य. त्या मालिकेत घरांचा भार शहरी भागात 21.67, एकत्रित निर्देशांकात 10.07, आणि ग्रामीण भागात काहीच नव्हता.

हिशेब करून पाहू. समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च 15,000 रुपये आहे आणि त्यातले 4,000 खोलीला जातात. वर्षभरात खोली 4,600 झाली, म्हणजे 15 टक्के वाढली, आणि बाकी सगळे 4 टक्क्यांनी वाढले. या घराची महागाई 6.9 टक्के झाली. एकत्रित निर्देशांकाच्या भाराने तीच वाढ 5.1 दिसते. ग्रामीण निर्देशांकाने 4. खरी आणि दिसणारी यांतला जवळजवळ 3 टक्क्यांचा फरक दर वर्षी त्या माणसाच्या पगारातून जातो आणि कुठेही नोंदला जात नाही.

याच्या शेजारी 2017 ठेवा. त्या जुलैपासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता वाढला. निर्देशांकात सरकारी क्वार्टरही होते आणि त्यांचे भाडे धरताना सोडलेला भत्ता मिळवला जाई. पालघरच्या रेल्वे क्वार्टरसारख्या घरात राहणाऱ्याच्या खिशातून जादा एक रुपया गेला नव्हता, पण निर्देशांकाच्या लेखी त्याचे भाडे वाढले. घरांची महागाई पावणेपाच टक्क्यांच्या आसपास होती, ती 2018 च्या सुरुवातीला आठच्या वर गेली. घरे कोअरमध्येच असल्याने कोअरही वर ओढला गेला आणि रिझर्व्ह बँकेला भत्त्याचा परिणाम वगळून वेगळा आकडा सांगावा लागला. न दिलेले भाडे मोजले गेले आणि रोख दिलेले मोजले गेले नाही. मित्रहो, माझा राग यावर आहे.

कुणी म्हणेल, कामगारांसाठी वेगळा निर्देशांक आहेच. आहे. त्याच्या 2016 च्या मालिकेत घराला जवळजवळ 17 टक्के भार आहे आणि किमान वेतनावरचा विशेष भत्ता त्यानेच जानेवारी आणि जुलैत बदलतो. पण त्याच्या 88 केंद्रांत बोईसर-तारापूर नाही. इथल्या खोलीचे भाडे दुसऱ्या गावांच्या सरासरीवरून ठरते.

ग्राहक निर्देशांकाच्या 2024 पायाच्या नव्या मालिकेत ग्रामीण भाडे आणायचे आणि सरकारी क्वार्टर काढायचे, असे सांख्यिकी मंत्रालयाने ठरवले. ही दुरुस्ती योग्यच आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही ग्रामीण भारतात बहुतेकांचे घर स्वतःचे असते. तिथल्या सरासरीत भाड्याचा भार लहानच येणार आणि औद्योगिक पट्ट्यातले गाव त्या सरासरीत पुन्हा झाकले जाणार.

म्हणून या परिषदेने पालघरपुरती तरी भाड्याची पाहणी हाती घ्यावी. त्याच खोल्या, दर सहा महिन्यांनी, भाडे, डिपॉझिट आणि वीजबिलाचा वेगळा आकार. किती खोल्या घ्यायच्या, खर्च कुणी करायचा, हे कार्यकारिणीने ठरवावे. बोईसरची मुले समोर बसली आहेत. त्यांतल्या कित्येकांचे वडील अशाच खोलीचे भाडे भरतात. सुरुवात त्या घरांपासून करा, आणि पहिला तक्ता तयार होईल तेव्हा तो पुढच्या वेतनकराराच्या टेबलावर ठेवा.