फोटोतली ती पुसट रेष

नाशिकहून मी बोलतोय. आजचा विषय तुमच्या फोनच्या गॅलरीत कुठेतरी पडलेला असणार. रॅपिड टेस्टचा तो पांढरा प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे कॅसेट. त्यावर ‘सी’समोर ठळक रेष, ‘टी’समोर काहीतरी पुसट, आणि खाली मेसेज: "बघ ना, दुसरी रेष आहे का?"

आठवतंय? मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ला आयसीएमआरची मान्यता मिळाली. आपल्याकडची ही पहिली घरी करायची कोविड टेस्ट. त्यात कॅसेटचा फोटो काढून ॲपमध्ये टाकायचा होता. निकाल १५ मिनिटांनी बघायचा, आणि २० मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही. वेळेत ‘टी’समोर फिकट का होईना, पण रंगीत रेष आली, तर पॉझिटिव्ह. म्हणजे पुसट रेष खोटी असते असं अजिबात नाही. प्रश्न एवढाच, की फोटोत दिसतंय ते रंग आहे की सावली?

अशा बहुतेक किटमध्ये रंग येतो सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. हो, खरं सोनं! हे कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून रेष गुलाबी-लाल दिसते. पण ‘टी’च्या जागी पट्टीवर आधीच अँटीबॉडीची एक बारीक रेघ सोडलेली असते. तिथला पृष्ठभाग थोडा वेगळा असतो, कधी किंचित दबलेलाही. पट्टी ओली असताना ते कळत नाही. वाळली आणि बाजूने दिवा पडला, की तिथे राखाडी रेष उमटते. त्यात रंगाचा एक कणही नसतो.

आता एक उदाहरण. जानेवारी २०२२, ओमायक्रॉनची लाट. नाशिक रोडला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने रात्री फोटो पाठवला. घरात आजी, त्यामुळे जीव टांगणीला. फोटोत ‘टी’समोर बारीक रेष दिसत होती. मी दोनच गोष्टी विचारल्या: फोटो किती वाजता काढला, आणि दिवा कुठे होता? टेस्टला पाऊण तास होऊन गेला होता, आणि टेबललॅम्प बाजूला होता. पिवळा बल्ब.

पिवळ्या बल्बची गंमत अशी, की त्याच्या प्रकाशात लाल भरपूर आणि हिरवा-निळा कमी. गुलाबी रेष उठून दिसते ती हिरव्याच्या कमतरतेमुळे, आणि इथे मुळात हिरवाच थोडा. त्यामुळे खरी रेष दबते आणि बाजूच्या दिव्याने पडलेली सावली मात्र ठसठशीत होते. त्यात फोन पांढरेपणा ‘सुधारायला’ जातो आणि रंग आणखी बिघडवतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो दाबला जातो, तेव्हा उजेडाच्या तपशिलापेक्षा रंगाचा तपशील आधी जातो. म्हणून असा फोटो बघायचाच असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तिने मूळ फोटो पाठवला. फोटो एडिटरच्या कलर पिकरने मी रेषेवर आणि शेजारच्या कोऱ्या जागेवर टिचकी मारली. कोऱ्या जागेपेक्षा रेषेवर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारख्याच प्रमाणात खाली आले होते. हे सावलीचं लक्षण. गुलाबी रंग असता तर हिरवा सगळ्यात जास्त पडला असता आणि लाल जेमतेम हलला असता. अर्थात, हे फक्त लाल-गुलाबी रेषेच्या किटला लागू. काही किटच्या रेषा निळ्या असतात. आणि ही युक्ती म्हणजे निदान नव्हे.

मग ती निगेटिव्ह? नाही! तो फोटो काहीच सांगत नव्हता. पाऊण तासानंतर गुलाबी रेष दिसली असती, तरी ती धरता आली नसती. कारण पट्टी वाळताना वरच्या शोषक कापडातलं रंगीत पाणी उलटं झिरपतं आणि रेषेपाशी अडकू शकतं. त्या रात्री मी तिला एवढंच म्हणालो, "आजीची खोली वेगळी ठेव, सकाळी नवीन किट वापर."

सकाळी तिने खिडकीजवळ कॅसेट साध्या पांढऱ्या कागदावर ठेवली. थेट ऊन नाही, फ्लॅश बंद, घरातले दिवेही बंद. काळ्या ओट्यावर ठेवली असती तर फोनने फोटो जास्त उजळ केला असता आणि फिकट रेष धुऊन निघाली असती. पंधराव्या मिनिटाला तिने आधी डोळ्यांनी बघितलं, मग वरून सरळ एक फोटो आणि कॅसेट फिरवून दोन. सावली असती तर कॅसेट फिरवल्यावर रेष बदलली असती किंवा गायब झाली असती. ही तिन्ही फोटोंत तिथेच होती, आणि रंग ‘सी’च्या रेषेसारखाच, फक्त फिका.

म्हणजे पॉझिटिव्ह. रात्रीच्या फोटोतली रेष नुसती सावली होती, आणि संसर्ग मात्र खरा निघाला. आजीचं जेवण आठवडाभर दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलं जात होतं.