केतकरांचा ब्रह्मा आणि आजचा बटुग्रह



आपल्यापैकी जे २००६च्या आधी शाळेत शिकले, त्यांनी सूर्याचे नऊ ग्रह पाठ केले. आपल्या मुलांनी किंवा नातवंडांनी आठच पाठ केले. एकाच घरात दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आपापल्या काळी परीक्षेत बरोबर ठरली. मधल्या काळात आकाशातून काही नाहीसे झालेले नाही. प्लूटो होता तिथेच फिरतो आहे. मग त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवून 'बटुग्रह' अशा वेगळ्या पंक्तीत का बसवले, हे आज मला तुमच्यापुढे मांडायचे आहे. त्यासाठी सुरुवात एका मराठी माणसापासून करतो, कारण या प्रश्नाचे उत्तर त्यांनी हाती घेतलेल्या धाग्यातच दडलेले आहे.

ते म्हणजे व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४चा. पेशाने शिक्षक, पण नाव झाले ते ग्रहगणितात. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा ग्रंथ आणि त्यांच्या गणितावर आधारलेले पंचांग यांमुळे जुन्या घरांत केतकरांचे नाव परिचयाचे होते. १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात त्यांचा एक लेख छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी त्यात सुचवले होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट काढले आणि त्याला एक प्रदक्षिणा करायला २४२.२८ वर्षे लागतील असे सांगितले.

पुढे १९३०च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ या तरुणाला छायाचित्रांच्या काचा ताडून पाहताना प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर भरले सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४८ वर्षे. केतकरांच्या आकड्यांच्या अगदी जवळ! त्यामुळे 'प्लूटो आपल्या माणसाने आधीच शोधला होता' असे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान जरूर बाळगावा, पण तो नेमका कशाचा बाळगायचा हे पाहायला हवे.

केतकरांनी आकडे काढले ते तालावरून. गुरूचे तीन मोठे चंद्र एका ठरलेल्या मेळात फिरतात. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. फ्रेंच गणिती लाप्लास याने या मेळाचा अभ्यास केला होता. असाच मेळ युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडच्या ग्रहांत असेल असे केतकरांनी धरले. आज आपल्याला ठाऊक आहे की त्यांनी धरलेला तो विशिष्ट मेळ तिथे नाही. त्यांचा विष्णूही कधी सापडला नाही.  म्हणून याला शोध म्हणता येत नाही. पण नेपच्यूनच्या पलीकडे तालाला महत्त्व आहे ही त्यांची धारणा मात्र पोकळ नव्हती. प्लूटो खरोखरच नेपच्यूनच्या तालात फिरतो, फक्त तो ताल वेगळा आहे.

नेपच्यूनला एका प्रदक्षिणेस सुमारे १६५ वर्षे लागतात. त्याच्या तीन फेऱ्यांची ४९५ वर्षे होतात. प्लूटोच्या दोन फेऱ्यांची ४९६. म्हणजे नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या दोन पुऱ्या होतात, आणि हा हिशेब अब्जावधी वर्षे मोडलेला नाही. प्लूटोची वाट लांबट आहे. १९७९ ते १९९९ या वीस वर्षांत तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. वरवर पाहता वाटेल की हे दोघे कधीतरी एकमेकांवर आदळतील. पण या तालामुळे प्लूटो सूर्याजवळच्या टोकाला येतो तेव्हा नेपच्यून नेहमी दूर असतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यात जेवढे अंतर आहे, त्याच्या सुमारे सतरा पटींपेक्षा जवळ ते दोघे येतच नाहीत.

आता विचारा, हा ताल कोण राखतो? नेपच्यूनचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे सतरा पट आहे. प्लूटोचे मात्र आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या सहाव्या हिश्श्याहून जरासे जास्त. ताल नेपच्यूनचा आहे आणि प्लूटो तो पाळतो. दिंडीत सगळे एकाच वाटेने चालतात, पण टाळ कोणाच्या ठेक्यावर पडतात हे बघितले की पुढारी ओळखू येतो, तसे हे आहे. शिवाय हा ठेका पाळणारा प्लूटो एकटा नाही. तीनास दोन याच तालात फिरणारे आणखी शेकडो लहान पिंड सापडले आहेत. त्यांना प्लूटिनो म्हणतात.

ही गर्दी १९३० साली कोणाला दिसली नव्हती. तेव्हा प्लूटो पृथ्वीएवढा भारी असावा असा समज होता. १९७८ साली त्याचा चंद्र शॅरन सापडला. चंद्र किती दूरून आणि किती वेळात फिरतो यावरून मुख्य पिंडाचे वजन काढता येते. ते भरले पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढे. मग १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे एकामागून एक बर्फाळ पिंड सापडू लागले. २००५ मध्ये एरिस जाहीर झाला. तो आकाराने जवळजवळ प्लूटोएवढा आणि वजनाने त्याहून सुमारे सव्वा पट. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा ग्रह का नाही? आणि उद्या सापडणाऱ्यांचे काय?

असा पेच पूर्वीही पडला होता. १८०१च्या १ जानेवारीला इटलीत पियाझी यांना मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये सीरिस सापडला. त्याला ग्रह म्हटले गेले. पाठोपाठ त्याच पट्ट्यात पॅलस, जुनो आणि व्हेस्टा सापडले आणि तेही ग्रहांच्या यादीत गेले. १८४५ नंतर अशा पिंडांची रीघ लागली, तेव्हा खगोलज्ञांनी त्या सगळ्यांना लघुग्रह म्हणून वेगळे काढले. गर्दी दिसली तेव्हा सीरिसची पंक्ती बदलली. प्लूटोच्या बाबतीत तीच गोष्ट घडली, फक्त गर्दी दिसायला साठ वर्षे लागली.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदानाने व्याख्या ठरवली. सूर्याचा ग्रह म्हणवून घ्यायला तीन अटी आहेत. पिंड स्वतः सूर्याभोवती फिरणारा असावा. स्वतःच्या गुरुत्वाने तो गोलसर झालेला असावा. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पुऱ्या करणारा, तिसरी पुरी न करणारा आणि कोणाचा चंद्र नसलेला पिंड म्हणजे बटुग्रह. यात आकारमानाची कुठलीही रेघ आखलेली नाही. बुध हा ग्रह गुरूच्या गॅनिमीड या चंद्रापेक्षा लहान आहे, तरी बुध ग्रहच आहे. बटुग्रह आणि लघुग्रह यांतला भेदही इथेच कळतो. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सीरिस गोल आहे, म्हणून आता तो बटुग्रहांत आला. पुरता गोल नसलेला व्हेस्टा लघुग्रहांतच राहिला.

'मोकळा करणे' या शब्दांवर मात्र पुष्कळ घोटाळा होतो. लोक विचारतात, गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह आहेत, मग गुरूने परिसर कुठे मोकळा केला? प्रश्न योग्य आहे. मोठा पिंड आपल्या वाटेवरच्या लहानांचे तीन प्रकारे निवारण करतो. काहींना गिळतो, काहींना दूर भिरकावून देतो आणि उरलेल्यांना आपल्या तालात बांधतो. गुरूच्या वाटेवरचे ते लघुग्रह त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे, त्यानेच नेमून दिलेल्या जागी फिरतात. नेपच्यूनच्या वाटेला छेद देणारा प्लूटोही नेपच्यूनच्या तालात बांधलेला आहे. म्हणजे केर शिल्लक आहे का यापेक्षा परिसरात सत्ता कोणाची आहे, हा खरा प्रश्न आहे.

आणि ती सत्ता मोजता येते. स्टीव्हन सॉटर या खगोलज्ञांनी २००६ साली सोपा हिशेब मांडला. पिंडाचे वस्तुमान घ्या आणि त्याच्या कक्षेच्या टापूतील, त्याच्याभोवती न फिरणाऱ्या बाकी सगळ्या वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाने त्याला भागा. पृथ्वीसाठी उत्तर येते सुमारे १७ लाख. आठ ग्रहांत सर्वांत कमी उत्तर नेपच्यूनचे, तरी ते सुमारे २४ हजार. सीरिसचे उत्तर एक तृतीयांश. प्लूटोचे तर एक दशांशही नाही. मधल्या जागेत, म्हणजे एक आणि चोवीस हजार यांच्यामध्ये, कोणीही नाही. आठ ग्रह एका काठावर, सीरिस, प्लूटो आणि एरिस दुसऱ्या काठावर, आणि मध्ये रुंद दरी. रेघ माणसांनी मतदानाने ओढली हे खरे, पण ती ज्या जागी ओढली ती दरी निसर्गात आधीच होती.

या व्याख्येच्या मर्यादाही सांगायला हव्यात. परिसर किती मोकळा असावा याचा आकडा प्रागच्या ठरावात नाही. ती फक्त आपल्या सूर्याच्या कुटुंबाला लागू आहे, इतर ताऱ्यांच्या ग्रहांना नाही. मतदान केले ते केवळ ४२४ जणांनी. २०१५ साली 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेले, तेव्हा पाण्याच्या बर्फाचे डोंगर आणि नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान दिसले. त्या मोहिमेचे प्रमुख अॅलन स्टर्न आजही म्हणतात की पिंडाची ओळख त्याच्या अंगच्या घडणीवरून ठरवावी, शेजाऱ्यांवरून नव्हे. भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्याला हे पटण्यासारखे आहे. सूर्याचे कुटुंब कसे घडले आणि त्यात कोण कोणाला हलवतो हे समजून घेणाऱ्याला प्रागची व्याख्या अधिक उपयोगी पडते. 'बटू' म्हणून प्लूटोचे मोल घटले, असे मात्र दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

घरातल्या त्या दोन उत्तरांकडे आता परत येऊ. आपण पाठ केलेले नऊ ग्रह चुकीच्या शिकवणीतून आलेले नव्हते. प्लूटोभोवतीची गर्दी तेव्हा दिसली नव्हती, एवढेच. आणि आपले पारंपरिक नवग्रह ही तर तिसरीच यादी आहे. तिच्यात सूर्य, चंद्र, राहू आणि केतू आहेत. पृथ्वी नाही आणि प्लूटोही कधी नव्हता. यादी कशासाठी केली आहे यावर तिच्यात कोण बसेल हे ठरते.

राहिले केतकर. नातवंडांना त्यांची गोष्ट सांगताना 'त्यांनी प्लूटो शोधला' असे सांगू नका. असे सांगा की दुर्बिणीतून न बघता, निव्वळ तालाच्या विचारावरून एका मराठी शिक्षकाने नेपच्यूनपलीकडच्या एका पिंडाचे अंतर आणि काळ जवळजवळ बरोबर मांडले. त्यांनी तो ताल ग्रहाची खूण म्हणून वापरला. पुढे नेपच्यूनचा वेगळाच ताल प्लूटोच्या पायात सापडला आणि तो ग्रह का नाही हे त्यावरून कळले.