वाजून गेलेला गजर आणि न वाजलेला गजर



आजचा विषय लहान आहे. मनगटावरच्या चावीच्या घड्याळातला गजर कसा लावायचा आणि लावलेला असूनही कधीकधी तो का वाजत नाही, एवढंच सांगायचं आहे. सेल आणि मोबाइल आपण बाजूला ठेवू. ज्या घड्याळात बॅटरी नाही, फक्त स्प्रिंगा आणि चाकं आहेत, त्याबद्दल बोलू.

अशी घड्याळं स्विस, रशियन आणि जपानी होती. व्हल्केन या स्विस कंपनीचं ‘क्रिकेट’ १९४७ सालचं आणि जेगर-लकुल्त्रचं ‘मेमोव्हॉक्स’ १९५० सालचं. आपण नमुन्याला घेऊ मॉस्कोच्या कारखान्यातलं पोल्योत, त्याचं यंत्र २६१२ नंबरचं. ते ए. एस. १४७५ या स्विस यंत्रावरून बेतलेलं आहे आणि ते स्विस यंत्रही पुष्कळ कंपन्यांनी आपापल्या नावानं विकलं. म्हणजे हे एक घड्याळ कळलं की त्याची बरीच भावंडं कळतात.

या घड्याळाला उजव्या बाजूला दोन चाव्या असतात. खालची वेळेची, वरची गजराची. तबकडीवर तास, मिनिट आणि सेकंद यांच्याशिवाय चौथा काटा असतो, तो गजराचा. आत स्प्रिंगचे डबेही दोन. एका डब्यातली स्प्रिंग घड्याळ चालवते, दुसऱ्यातली फक्त हातोडी हलवते. दोन कशाला, असं कुणी विचारेल. वेळेची स्प्रिंग आपली ताकद दीड-एक दिवस थेंबाथेंबानं सोडते. गजराची स्प्रिंग तीच गोष्ट दहा-पंधरा सेकंदांत उधळून टाकते. एकाच स्प्रिंगवर दोघांना ठेवलं तर प्रत्येक गजरानंतर घड्याळाची चाल बिघडेल. म्हणून खाती वेगळी. आणि खाती वेगळी म्हणजे भरणाही वेगळा, हे लोक विसरतात. बहुतेक ‘ऑटोमॅटिक’ गजराच्या घड्याळांतसुद्धा हात हलवल्यानं फिरणारं वजन वेळेची स्प्रिंग भरतं, गजराची आपल्यालाच भरावी लागते. व्हल्केनमध्ये तर चावी एकच. एका दिशेनं फिरवली की वेळ भरते, उलट दिशेनं फिरवली की गजर. जन्मभर एकाच दिशेनं चावी देणाऱ्या माणसाचं व्हल्केन वेळ अचूक दाखवेल आणि एकदाही वाजणार नाही.

आता पोल्योतचा गजर लावू. वरची चावी आत दाबलेली असताना पुढे फिरवली की गजराची स्प्रिंग भरते. फेरे मोजत बसू नका. बोटाला स्पष्ट अडसर लागेपर्यंत द्या आणि तिथे थांबा. तीच चावी बाहेर ओढली की गजराचा काटा फिरतो. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, चावी बाहेर आहे तोपर्यंतच गजर जागा असतो. आत दाबली की तो बंद. वाजणारा गजर थांबवायचा असेल तरी तेच करायचं. दुसरी, काटा उलट्या दिशेनंच फिरवायचा, म्हणजे सहाकडून पाचकडे. हे नुसतं पुस्तिकेतलं फर्मान नाही, याला आत कारण आहे. ते जरा सावकाश बघू, कारण सगळ्या यंत्राचं मर्म तिथेच आहे.

तबकडीच्या खाली, मधोमध, दोन चाकं एकमेकांवर बसलेली असतात. एक तासाच्या काट्याबरोबर फिरतं. दुसरं गजराच्या काट्याला जोडलेलं असतं आणि आपण फिरवलं तरच फिरतं. एकावर उंचवटे आहेत, दुसऱ्यावर त्यांच्या मापाच्या खाचा. खालून एक पातळ पट्टीची स्प्रिंग तास-चाकाला सतत वर ढकलत असते. उंचवटा आणि खाच समोरासमोर नसतील तेव्हा चाक खालीच दबलेलं राहतं आणि पट्टीच्या टोकानं हातोडी अडवलेली असते. तासाचा काटा गजराच्या काट्यापाशी आला की उंचवटे खाचांत शिरतात, चाक अगदी केसभर उचललं जातं, पट्टी त्याबरोबर वर येते आणि हातोडी मोकळी सुटते. बारा तासांत हे एकदाच जुळतं.

आता खाचेचा आकार पाहा. तिची एक बाजू सरळ कड्यासारखी आणि दुसरी उतरती असते. गजर होऊन गेला की तास-चाक पुढे सरकत राहतं, त्याचा उंचवटा उतारावरून चढतो आणि चाक हळूहळू पुन्हा खाली दाबलं जातं. यंत्र आपोआप पुढच्या गजरासाठी तयार होतं. तास-चाक पुढे जाणं आणि गजराचं चाक मागे जाणं, या दोन चाकांच्या दृष्टीनं एकच गोष्ट आहे. म्हणून गजराचा काटा मागे फिरवला तर उंचवटा उतारावरून निघतो. पुढे फिरवला तर तो सरळ कड्यावर आदळतो, आणि जोर केला तर काटा आपल्या नळीवर घसरतो किंवा खाचेची कड झिजते. याच न्यायानं, गजराची वेळ उलटून गेल्यावर घड्याळाचे काटे मागे फिरवणंही वाईटच. तेव्हा सहावर थांबायचं असताना काटा पावणेसहावर गेला तर पाव तास पुढे आणू नका. पूर्ण फेरी मारून या. कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे.

फेरी मारताना आणखी एक घडतं. चावी बाहेर आहे म्हणजे गजर जागा आहे, आणि काटा चालू वेळेवरून गेला की उंचवटे खाचेत पडतात. मग घड्याळ हातातच गुरगुरतं. लोक दचकतात. त्यात बिघाड काही नाही, फक्त भरलेली स्प्रिंग थोडी खर्च झाली. म्हणून माझा क्रम असा: आधी काटा लावायचा, मग चावी आत दाबून स्प्रिंग भरायची आणि झोपताना चावी न फिरवता बाहेर ओढायची. याचा एक फायदाही आहे. काटा नेमका कुठे असताना घड्याळ गुरगुरलं ते बघून ठेवा. गजराच्या काट्याला मिनिटांची बारीक खूण नसते, पाच मिनिटं इकडेतिकडे होणारच. पण ते अंतर घड्याळागणिक ठरलेलं असतं आणि या चाचणीत ते कळतं.

आता न वाजण्याकडे येऊ. दुरुस्तीच्या टेबलावर एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: “तुमच्याकडे वाजतं, घरी वाजत नाही.” माणूस खोटं बोलत नाही आणि घड्याळही नाही. मी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगतो. ज्या सकाळी गजर झाला नाही, त्या सकाळी दुसरं काहीही करण्याआधी गजराची चावी बाहेर आहे का ते बघा. मग ती आत दाबा आणि हलकेच फिरवून पाहा. ती भरभर फिरत गेली तर स्प्रिंग रिकामी आहे. लगेच घट्ट लागली तर स्प्रिंग भरलेली आहे. पुढचा तपास दोन वेगळ्या वाटांनी जातो, आणि ही वाट न निवडता घड्याळ उघडणं म्हणजे वेळेचा आणि पैशाचा चुराडा.

रिकामी निघाली तर गजर वाजून गेला आहे किंवा आदल्या रात्री भरलाच नव्हता. वाजून गेला तर कधी? एक उदाहरण घ्या. एका गृहस्थांना पहाटे पाचला उठायचं आहे. विसरू नये म्हणून ते दुपारी साडेचारलाच गजर लावतात, स्प्रिंग पूर्ण भरतात आणि चावी बाहेर ओढून ठेवतात. घड्याळ बॅगेत. तबकडी बारा तासांची आहे, तिला पहाट आणि संध्याकाळ यांतला फरक कळत नाही. संध्याकाळी पाचला उंचवटे खाचेत पडतात, बॅगेत दहा-पंधरा सेकंद हातोडी चालते, रस्त्यावरच्या आवाजात कुणाला पत्ता लागत नाही. पहाटे पाचला उंचवटे पुन्हा नेमके पडतात. यंत्रानं आपलं काम चोख केलं, पण हातोडीला ढकलायला ताकदच उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी ते दुकानात येतात, मी चावी देतो, आणि घड्याळ छान वाजतं. उपाय: गजराच्या आधीच्या बारा तासांतच तो जागा करायचा. पाचचा गजर संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, आणि त्यातही जरा थांबून. कारण उंचवटा उतारावरून पुरता चढेपर्यंत यंत्र सुटलेलंच असतं. त्या अवधीत चावी ओढली तर घड्याळ तिथल्या तिथे वाजू लागेल.

रिकाम्या स्प्रिंगची दुसरी शक्यता म्हणजे गजर वेळेवर झाला, तुम्हाला ऐकू आला नाही. गादीवर, उशीखाली ठेवलेल्या घड्याळाचा आवाज कापूस पिऊन टाकतो. मनगटावर असेल तर कातडीच पाठीला दाबून धरते. व्हल्केननं यावर दुहेरी पाठ काढली. आतल्या पातळ पडद्यावर हातोडी बसते आणि बाहेरच्या पाठीला भोकं असतात, त्यामुळे हाताला चिकटलं तरी पडदा मोकळा थरथरतो. पोल्योतला तेवढं जमत नाही. त्याला रात्री पोकळ लाकडी पेटीवर किंवा पालथ्या स्टीलच्या ताटलीवर ठेवा. फरक कानालाच कळेल.

चावी लगेच घट्ट लागली, म्हणजे स्प्रिंग भरलेली आहे, तर आधी आठवा की ती बाहेर होती का. झोपेत किंवा बाहीला लागून दाबली गेली असेल तर प्रश्न तिथेच संपला. चावी बाहेर होती आणि तरी वाजलं नाही, तर मग मात्र घड्याळजीचं काम आहे. मी काटे पुढे फिरवत गजराच्या वेळेवर आणतो आणि घड्याळ कानाला लावतो. केसभर चाक उचलल्याची बारीक टिक ऐकू आली पण हातोडी हलली नाही, तर हलकी टिचकी मारून बघतो. टिचकीनं सुरू झाली तर वाळलेलं तेल हातोडीचा खांब आणि तिची चाकं धरून बसलं आहे, घड्याळ खोलून धुवायला हवं. टिकच नसेल तर खालची पट्टी थकली आहे किंवा खाचेची कड गेली आहे, आणि जुन्या घड्याळांत ते बहुधा कुणीतरी काटा पुढे फिरवल्यामुळे झालेलं असतं.

एक बिघाड मात्र घड्याळजींनीच केलेला असतो. पोल्योतच्या आतल्या झाकणाला एक छोटी खुंटी असते, हातोडी तिच्यावर आपटते आणि झाकण घुमतं. खुंटी मध्यावर नसते. झाकण थोडं जरी फिरून बसलं तरी हातोडी हवेत मारते, किंवा खुंटीला टेकून अडकते. झाकण काढलं की हातोडी मजेत चालते, लावलं की गप्प. म्हणून घड्याळ दुरुस्तीहून घेताना बंद पाठीनं, पूर्ण चावीवर, एकदा वाजवून घ्या आणि मगच पैसे द्या. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे रुचणार नाही, पण ती आज इथे नाहीत.