ध्वजस्तंभाची उंची आणि ओळंब्याचा फोटो

फौजेतून निवृत्त झालो आणि महूला स्थायिक झालो. नात इथल्याच शाळेत नववीत आहे. जुलैमध्ये ती म्हणाली, "आजोबा, झेंड्याची दोरी कुजलीय. रंगारी वर चढणार आहे, तेव्हाच नवी ओवायची. पण दोरी किती लागेल ते कुणालाच माहीत नाही."

दोरी वरच्या कप्पीतून जाऊन दोन्ही बाजूंनी खाली येते. म्हणजे उंचीत जी चूक होईल, ती दोरीत दुप्पट. आणि कमी पडली, तर १५ ऑगस्टला झेंडा चढणार कसा?

मुलांनी क्लायनोमीटर बनवला. कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या सरळ कडेला सरबताची नळी चिकटवली, मधल्या भोकातून दोरा ओवून खाली नट बांधला. झाला ओळंबा. नळी आडवी धरली की दोरा ९० वर येतो. नळीतून स्तंभाचं टोक पाहिलं की दोरा तिथून सरकतो. जितका सरकला तितका उन्नत कोन. बघणाऱ्याला टोक आणि आकडा एकाच वेळी दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढायचा. ही युक्ती मुलांचीच, आणि चांगली आहे. आमच्या वेळी शेजारचा जवान आकडा ओरडून सांगायचा आणि तोवर दोरा हललेला असायचा.

पहिलं उत्तर आलं २१ मीटर! शाळा दुमजली, स्तंभ गच्चीच्या जरासाच वर. मी फोटो मागितला. दोरा ५३ वर होता आणि मुलांनी ५३ हाच कोन धरला होता. खरा कोन ९० वजा ५३, म्हणजे ३७. ही चूक ओळखायला गणितही लागत नाही. कोन ४५ असेल, तर डोळ्याच्या वरची उंची अंतराइतकीच असते. मुलं १५ मीटरवर उभी होती. तिथून ४५ पेक्षा जास्त कोन आला असता, तर टोक पाहायला मान चांगलीच मागे टाकावी लागली असती. तशी कुणालाच लागली नव्हती.

पण ३७ सुद्धा मला पटेना. फोटोत कोनमापकाची अर्धवर्तुळाकार कड दबलेली, अंड्यासारखी दिसत होती. म्हणजे फोटो समोरून नव्हे, बाजूने काढलेला. दोरा मधल्या भोकाशी कोनमापकाला टेकतो, पण नट जाड असल्याने कडेशी चार-पाच मिलिमीटर पुढे राहतो. बाजूने पाहिलं की तो भलत्याच रेघेवर दिसतो. कोनमापक लहान, त्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर. तिथे दोन मिलिमीटर सरकणं म्हणजे दोन अंशांहून जास्त. मोबाइल थोडा तिरका फिरला तर मात्र काही बिघडत नाही, कारण दोरा आणि आकडे दोन्ही फोटोत एकत्रच फिरतात. मोबाइल समोर हवा, एवढंच.

पुन्हा फोटो काढला, कड गोल दिसेल असा. दोरा ५५ वर. कोन ३५, त्याचा टॅन ०.७००.

१५ × ०.७०० = १०.५० मीटर. ही उंची नातीच्या डोळ्यापासून वरची. तिचा डोळा जमिनीपासून १.४२ मीटरवर, म्हणून एकूण ११.९२. आधीच्या ३७ अंशांनी हेच उत्तर १२.७२ आलं असतं. म्हणजे दोरीत १.६० मीटरचा फरक.

टेपचीही एक गंमत. एका मुलाने अंतर चौथऱ्याच्या कडेपर्यंतच मोजलं होतं. चौथऱ्याच्या मध्यापर्यंतचे ६० सेंटिमीटर राहून गेले होते. ते मी आधीच पकडलं, नाहीतर उंची ४२ सेंटिमीटरने कमी आली असती. टेप स्तंभाच्या बुंध्यापर्यंत आणि आडवा धरायचा.

मग १० मीटरवरून पुन्हा पाहिलं. दोरा ४३.५, कोन ४६.५, उत्तर ११.९६. दोन वेगळ्या जागांवरून जवळपास सारखं उत्तर आलं, तेव्हा माझा विश्वास बसला. तरी मी मुलांना वहीत '१२ मीटर, वीस सेंटिमीटर इकडेतिकडे' असंच लिहायला लावलं. १५ मीटरवरून अर्धा अंश चुकला की एवढा फरक पडतोच, आणि या कोनमापकावर अर्ध्या अंशापेक्षा बारीक वाचणं म्हणजे थाप.

दुप्पट २४, गाठी आणि धाकधूक मिळून २ जास्त. २६ मीटर दोरी आणली.

रंगारी वर चढला तेव्हा नातीने त्याच्याकडे टेप दिला होता. टोकापासून चौथऱ्यापर्यंत ११.४० भरलं. चौथरा ४५ सेंटिमीटरचा. नात खाली उभी राहून बेरीज करत होती, मी दोरीची गाठ बघत होतो. "अकरा पंच्याऐंशी," ती म्हणाली, "सात सेंटिमीटर जास्त आलं आपलं."