करारातली तोशीस आणि मर्यादा

आमच्या मिरजगावासारख्या, नगर-सोलापूर रस्त्यावरच्या बाजाराच्या गावी आता इंग्रजी करारनामे येऊ लागले आहेत. शेतकऱ्यांचा गट एखाद्या कंपनीला तूर पुरवतो, कोणी खासगी गोदामात माल ठेवतो, कोणी वाहतुकीचा ठेका घेतो. कागद दहा-बारा पानांचा असतो, आणि सही करण्याआधी तो गावातल्या शिक्षकाकडे येतो. "गुरुजी, एवढं मराठीत सांगा बरं." भाव, वजन, तारीख हे सगळे गुरुजी सहज सांगतात. अडतात ते दोन कलमांपाशी. एकाचे नाव इन्डेम्निटी आणि दुसऱ्याचे लिमिटेशन ऑफ लायबिलिटी. ही दोन कलमे मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवावा की आपल्या बोलीचा वळसा द्यावा, एवढाच प्रश्न आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. माझे उत्तर असे की, पहिल्या कलमाला मराठीचा वळसा द्यावा आणि दुसऱ्याला अक्षरशः चिकटून राहावे. असे का, ते पाहू.

पहिले कलम साधारण असे असते: पुरवठादाराने कराराचा भंग केला आणि त्यातून तिसऱ्या कोणी खरेदीदारावर दावा केला, तर पुरवठादार खरेदीदाराला 'इन्डेम्निफाय' करील आणि 'हार्मलेस' ठेवील. आता कोशात पाहून शब्दशः भाषांतर करणारा लिहितो, "पुरवठादार खरेदीदारास क्षतिपूर्ती करील व त्यास निरुपद्रवी धरील." वाचणाऱ्याला वाटावे की खरेदीदार उपद्रवी होता आणि आता सुधारला! मूळ अर्थ 'त्याला झळ पोचू देणार नाही' असा आहे, तो शब्दशः भाषांतरात उलटाच झाला.

दुसरा भाषांतरकार सोपे करायला जातो आणि लिहितो, "नुकसान झाल्यास पुरवठादार ते भरून देईल." हे वाक्य स्वच्छ आहे, सगळ्यांना कळते, पण ते अपुरे आहे. भरपाई केव्हा मिळते? आधी नुकसान व्हावे, पैसे खिशातून जावेत, मग मागावे. इन्डेम्निटीचे वचन याहून मोठे असू शकते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'इजा न झालेला' असा आहे.

हा फरक केवळ व्याकरणातला नाही, हे दाखवणारा एक खटला मुंबई उच्च न्यायालयात १९४२ साली निकालात निघाला. गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री हे त्याचे नाव. परेळकरांकडे मुंबई महापालिकेचा एक भूखंड भाडेपट्ट्याने होता. तो त्यांनी मंत्री यांना द्यायचे ठरवले, आणि मंत्री तेथे इमारत बांधू लागले. बांधकामाचे सामान देणाऱ्याची बाकी राहिली. मंत्री यांच्यासाठी परेळकरांनी त्या सावकाराला दोनदा, पाच-पाच हजारांचे, तारण लिहून दिले. मंत्री यांनी हे कर्ज आपण फेडू आणि परेळकरांना मोकळे करू असे कबूल केले होते. ते झाले नाही, तेव्हा परेळकर कोर्टात गेले. मंत्री यांचे म्हणणे असे की, परेळकरांनी अजून एक पैसाही भरलेला नाही, म्हणजे नुकसान झालेले नाही. मग दावा कसला? न्यायमूर्ती छागला यांनी ते मानले नाही. डोक्यावर पक्के देणे येऊन बसले असेल, तर ते भरण्याआधीच 'मला यातून सोडव' असे म्हणण्याचा हक्क त्या माणसाला आहे, असा त्यांनी निकाल दिला. म्हणजे "नुकसान झाल्यास भरून देईल" असे लिहिणाऱ्या भाषांतरकाराने परेळकरांची बाजू त्यांच्या हातून काढून मंत्री यांना दिली असती.

मग मराठीत काय लिहावे? येथे आपल्या जुन्या खरेदीखताकडे पाहा. जमिनीचे खत लिहिणारे लेखनिक पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य लिहीत आले आहेत: कोणी हरकत घेतल्यास लिहून देणार त्याचे निवारण स्वखर्चाने करतील व लिहून घेणार यांस तोशीस लागू देणार नाहीत. 'तोशीस लागू न देणे' यात नुकसान होण्याआधीचे रक्षण आहे, आणि 'स्वखर्चाने निवारण' यात दाव्याला तोंड देणेही आले. इंग्रजी कलमाला जे म्हणायचे आहे ते आपल्या तलाठ्याला, लेखनिकाला, शेतकऱ्याला आधीच ठाऊक आहे. तेव्हा मी असे लिहीन: "पुरवठादाराने हा करार मोडल्यामुळे तिऱ्हाइताने खरेदीदारावर दावा अगर मागणी केल्यास, पुरवठादार त्याचे निवारण स्वखर्चाने करील व खरेदीदारास त्याची तोशीस लागू देणार नाही, आणि तरीही खरेदीदारास काही रक्कम भरावी लागली, तर ती भरून देईल."

मात्र येथे एक सावधगिरी हवी. खरेदीखताचे वाक्य सवयीने हातातून उतरते आणि त्याबरोबर 'कसलीही तोशीस' हे शब्दही उतरतात. मूळ कलमात फक्त करारभंगातून येणारे दावे असतील, तर 'कसलीही' हा एक शब्द शेतकऱ्यांच्या गटावर नको ते ओझे टाकतो. खरेदीदाराच्याच गोदामात तूर भिजली आणि त्याच्या गिऱ्हाइकाने दावा केला, तर तीही तोशीस आमच्या गटानेच निवारायची काय? म्हणून वळसा क्रियापदाला द्यावा. पण कोण, कोणाला, कशामुळे, हे तीन धागे मूळ कागदातल्यासारखेच ठेवावेत.

आता दुसरे कलम. याच्या नावातच पहिला खड्डा आहे. 'लिमिटेशन' म्हटले की कोर्टकचेरीच्या भाषेत मुदत आठवते, कारण दावा लावण्याच्या मुदतीचा कायदा त्याच नावाने ओळखला जातो. येथे मात्र अर्थ रकमेच्या मर्यादेचा आहे. एका पक्षाला जास्तीत जास्त किती द्यावे लागेल, ते हे कलम सांगते.

समजा, गोदामाच्या करारात लिहिले आहे की, कोणत्याही परिस्थितीत कंपनीचे एकूण दायित्व आधीच्या तीन महिन्यांत मिळालेल्या भाड्यापेक्षा अधिक असणार नाही. आपल्या बोलीत अशा गोष्टीसाठी तयार वाक्य आहे. पाटीवर लिहिलेले असते, 'कंपनी जबाबदार राहणार नाही' किंवा 'माल मालकाच्या जोखमीवर'. बोलीचा वळसा द्यायचा म्हणून कोणी हे लिहिले, तर मर्यादेची सबंध माफी होऊन बसते. कोणी उलट बाजूने सोपे करतो, "नुकसान झाल्यास कंपनी तीन महिन्यांचे भाडे भरपाई म्हणून देईल." हेही चुकीचेच. का, ते हिशेबाने पाहू.

गटाने १०० क्विंटल तूर, म्हणजे पन्नास किलोच्या २०० गोण्या, ठेवल्या. दर गोणीला महिन्याला १० रुपये भाडे धरू. महिन्याचे २,००० आणि तीन महिन्यांचे ६,००० झाले. तुरीचा भाव हिशेबाला सोपा म्हणून क्विंटलला ७,००० घेऊ. पत्रा उडाला आणि दहा क्विंटल तूर भिजून वाया गेली. नुकसान ७०,००० रुपयांचे. पण या कलमाप्रमाणे मिळतील ६,०००. 'जबाबदार राहणार नाही' असे भाषांतर वाचलेला शेतकरी समजेल की काहीच मिळणार नाही, आणि हक्काचे सहा हजारही मागायला जाणार नाही.

आता समजा, अर्धाच क्विंटल भिजली. नुकसान ३,५००. मग ३,५०० च मिळतील, कारण मर्यादा म्हणजे ठरीव भरपाई नव्हे; ती फक्त वरची रेघ आहे. 'तीन महिन्यांचे भाडे देईल' असे वाचलेला माणूस ६,००० मागेल आणि भांडण होईल. आणखी पुढे जाऊ. हे ३,५०० मिळाल्यावर पुन्हा माल भिजला तर? मूळ वाक्यात 'एकूण' हा शब्द आहे. म्हणून भाडे तेवढेच धरले, तर दुसऱ्या वेळी जास्तीत जास्त २,५०० उरतात. भाषांतरात 'एकूण' गळला, तर प्रत्येक वेळी सहा हजार मिळतील असे वाटते. एक शब्द आणि साडेतीन हजारांचा फरक.

म्हणून या कलमात 'पेक्षा अधिक असणार नाही', 'एकूण', 'आधीच्या तीन महिन्यांत मिळालेले' हे शब्द जसेच्या तसे यायला हवेत, मग वाक्य थोडे कडक लागले तरी चालेल. दायित्व हा शब्द गावात रुळलेला नाही, हे खरे. पण 'जबाबदारी' लिहिले की माल सांभाळण्याचे कर्तव्यही त्या सहा हजारांत आटोपले असा समज होतो. त्यापेक्षा कराराच्या आरंभी एकदाच सांगावे की दायित्व म्हणजे द्यावी लागणारी रक्कम, आणि मग शेवटपर्यंत तोच शब्द वापरावा. एका पानावर दायित्व आणि दुसऱ्या पानावर जबाबदारी असे केले, तर तोशीस न लागू देण्याच्या वचनाला ही मर्यादा लागू आहे की नाही, हे ठरवणारा दुवाच तुटतो. 'फसवणूक अगर घोर हयगय वगळून' असे शब्द असतील तर तेही गाळू नयेत. मर्यादा कोठे लागू होत नाही, ते तेच सांगतात.

कोणी विचारील, असली मर्यादा कोर्टात टिकते तरी का? कधी टिकते, कधी नाही. कपडा हरवल्यास किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतच देऊ, ही धुलाई दुकानाच्या पावतीवरची अट मद्रास उच्च न्यायालयाने मानली नाही. तो निकाल १९६६ च्या निकालपत्रांत छापलेला आहे. उलट, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कुरिअर कंपनीच्या सही झालेल्या कागदावरची १०० डॉलरची मर्यादा मान्य केली. हा निवाडा न्यायाधीशांचा. भाषांतरकाराने तो आपल्या लेखणीने करू नये. अट जाचक असेल तर ती मराठीतही तितकीच जाचक दिसली पाहिजे, म्हणजे सही करणारा वेळेवर 'हे आम्हाला मान्य नाही' असे म्हणू शकेल.

शिक्षकांना शेवटी एक परीक्षा सुचवतो. भाषांतर झाले की ते ज्याने इंग्रजी कागद पाहिलेला नाही अशा माणसाच्या हाती द्या. त्याला दोन प्रश्न विचारा. तिऱ्हाइताने दावा लावला, तर त्या दिवशी धावपळ कोणी करायची? आणि दहा क्विंटल भिजली, अर्धा क्विंटल भिजली, दोनदा भिजली, तर किती रुपये? त्याची उत्तरे इंग्रजी कागदाच्या उत्तरांशी जुळली, तर भाषांतर उतरले. आणि कागदाच्या शेवटच्या पानावर एकदा नजर टाका. दोन प्रतींत फरक पडल्यास इंग्रजी प्रत खरी धरावी, असे तेथे बहुधा लिहिलेले असते. तसे असेल, तर सही करणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवा. कारण मग मराठी प्रत समजण्यापुरती आहे, आणि बांधणारी प्रत दुसरीच आहे.